‘कडी लावली का?’ : हेल्मेटवरच्या ७५ सेकंदांच्या पटकथेचे तीन महिने

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही तिघांनी हेल्मेटवर ७५ सेकंदांची फिल्म लिहिली आणि शूट केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काम हाती आलं, जानेवारी २०२५ च्या रस्ता सुरक्षा महिन्यात फिल्म गेटवरच्या पडद्यावर लागली. मधल्या काळात दोन पटकथा फेकून द्याव्या लागल्या आणि तिसरीही एकदा मोडून पुन्हा बांधावी लागली. असं काम दुसऱ्या कुणाकडे आलं, तर त्याचे निदान सुरुवातीचे दोन आठवडे वाचावेत, म्हणून काय झालं ते क्रमाने लिहीत आहोत.

३ ऑक्टोबरला कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे पहिली बैठक झाली. त्यांची मागणी मोजक्या शब्दांत होती: कामगारांनी हेल्मेट घालावं, फिल्म दीड मिनिटाच्या आत असावी, आणि तिच्यात रक्त, रुग्णवाहिका, मृतांचे आकडे नकोत. दर जानेवारीत कुणीतरी येऊन आकडे दाखवतं, लोक मान खाली घालून बसतात आणि सुटी झाली की तसेच निघतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कोटेशन, विक्रेता म्हणून नोंदणी, पॅन आणि बँकेचा रद्द केलेला चेक हे सगळं दिल्यावर खरेदी आदेश हातात यायला १६ दिवस लागले. तोवर लिहायचं थांबलो नाही. पण आदेशाशिवाय पैसे खर्च होतील असं काहीही केलं नाही, आणि हे पथ्य पाळलेलं बरं.

८ ते १० ऑक्टोबर असे तीन दिवस आम्ही गेटजवळ उभे राहिलो. जनरल शिफ्ट साडेआठची, म्हणजे आठ ते साडेआठ हा गर्दीचा अर्धा तास. बिनहेल्मेटचं कुणी आत जात नव्हतं, कारण सुरक्षारक्षक सोडत नाही. पण गेटपासून शंभरेक मीटरवर एक चहाची टपरी आहे, आणि खरा देखावा तिथे होता. लोक तिथे गाडी बाजूला घेत, आरशावर अडकवलेलं किंवा कोपरात घातलेलं हेल्मेट डोक्यावर ठेवत आणि गेटकडे निघत. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू झाली होती, तेव्हाही हाच स्वभाव दिसला होता: सक्ती जिथे, हेल्मेट तेवढ्यापुरतं. काहीजण तर कारखान्यातलं पिवळं सेफ्टी हेल्मेट घालूनच गाडीवर येत. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी बनवलेलं असतं, त्याचं भारतीय मानक आयएस २९२५. आत पट्ट्यांची जाळी असते, बाजूंना मार झेलणारा थर नसतो. गाडीवरच्या हेल्मेटचं मानक वेगळं, आयएस ४१५१.

या तीन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली आणि पुढची सगळी पटकथा तिच्यावर उभी राहिली. हेल्मेट घातलेल्यांमध्येही पट्टा लावलेले फार थोडे होते. पट्टे हनुवटीखाली मोकळे लोंबत होते, काहींनी ते मागे वळवून हेल्मेटच्या आतच खोचले होते. शंभर मीटरसाठी घातलेल्या हेल्मेटचा पट्टा कोण लावणार? पण घरून हेल्मेट घालून निघालेल्यांचाही पट्टा मोकळाच होता.

यात फसगत अशी की त्या माणसाला मनापासून वाटतं, आपण हेल्मेट घातलंय. गाडी घसरते तेव्हा डोकं एकदाच आपटत नाही. आधी खांदा किंवा हात जमिनीला लागतो, मानेला झटका बसतो, अंग गोल फिरतं आणि मग डोकं. पट्टा मोकळा असेल तर त्या पहिल्या झटक्यातच हेल्मेट पुढे किंवा मागे निसटतं. डोकं रस्त्याला लागतं तेव्हा हेल्मेट दोन हात लांब पडलेलं असतं. आतला थर्माकोलसारखा थर चुरडला जाऊन मार झेलतो, पण त्यासाठी तो त्या क्षणी डोक्यावर असायला हवा. कायद्यातही हे नेमकं लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट ‘घातलेलं’ असावं एवढ्यावर थांबत नाही, ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं सांगतं.

सुरक्षा अधिकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे हिरमुसले. सगळ्या हेल्मेटची फिल्म मागितली आणि हे पट्ट्यावर आले, असं त्यांना वाटलं. आमचं म्हणणं एवढंच होतं की ‘हेल्मेट घाला’ या वाक्यावर या गेटवरचा प्रत्येकजण आधीच मान डोलावतो. ‘पट्टा लावला का?’ या प्रश्नावर मात्र त्याचा हात हनुवटीखाली जातो. ७५ सेकंदांत एकच कृती पोचते, आणि ती बसल्या जागी करता येण्यासारखी असली तर जास्त चांगलं.

एवढं कळूनही पहिला मसुदा चुकला. १८ ऑक्टोबरला लिहून झालेल्या त्या मसुद्यात एक तरुण लग्नाला निघतो, पट्टा लावत नाही, पडदा काळा होतो, ब्रेकचा आवाज येतो, आणि शेवटी मांडवात एक खुर्ची रिकामी राहते. रक्त नव्हतं, आकडे नव्हते, म्हणजे मागणीत बसत होतं. २२ तारखेला कॅन्टीनमध्ये जेवणानंतर सहा-सहा जणांच्या तीन गटांना तो ऐकवला. चित्रं म्हणून मोबाइलवर काढलेले फोटो एकामागून एक, वर आमच्याच आवाजातले संवाद. याला काही खर्च येत नाही, आणि कागदावरचं वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

ऐकून झाल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारलं नाही. त्याला सगळे होच म्हणतात. ‘संध्याकाळी मित्राला ही गोष्ट सांगायची झाली तर काय सांगाल?’ असं विचारलं. उत्तरं अशी आली: “तो घाईत होता.” “हायवेला असंच होतं, ट्रकवाले बघत नाहीत.” “पिऊन चालवत असेल.” मसुद्यात ना हायवे होता, ना दारू. म्हणजे भीती वाटल्याबरोबर ऐकणारा त्या मुलात आणि स्वतःत फरक शोधत होता, आणि तो सापडला की मोकळा होत होता. पट्ट्याचं नाव एकानेही काढलं नाही. भीती दाखवणाऱ्या फिल्म इथेच फसतात. माणूस घाबरत नाही असं नाही. घाबरतो, आणि मग घाबरायचं कारण आपल्याला लागू नाही असं स्वतःला पटवतो.

दुसरा मसुदा त्यामुळे उलट टोकाला गेला. पोहे तव्यावर आहेत, कोथिंबीर संपलीय, नवरा ‘इथेच तर जायचंय’ म्हणत हेल्मेट खुंटीवर ठेवून निघतो आणि परत येईपर्यंत तीन वेळा हेल्मेट घ्यायला माघारी येतो. लोक खूप हसले. दोन दिवसांनी त्याच गटातल्या चौघांना गाठून विचारलं, तर त्यांना कोथिंबीर आठवत होती, पोहे आठवत होते, हेल्मेट आठवत नव्हतं. शिवाय त्यात बायको टोकत होती आणि नवरा ऐकत होता. त्यावरची चेष्टा इतकी चालली की मूळ गोष्ट बाजूला पडली. सांगणारं पात्र कोण हे इथे फार महत्त्वाचं ठरतं. बायको बोलली तर ते टुमणं वाटतं, आई बोलली तर डोळ्यात पाणी येतं आणि हात जागचा हलत नाही. लहान मूल बापाला शहाणपण शिकवतं हा साचा तर सगळ्यांनी इतका पाहिलाय की पहिल्या वाक्याला शेवट कळतो. बोलणारा बरोबरीचा हवा होता. कारखान्यात बरोबरीचा म्हणजे गाडीवर मागे बसून येणारा.

मग दिवाळी आली. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरपासून लागलेलीच होती. मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि तोवर पोलीस बंदोबस्तात अडकलेले असल्याने रस्त्यावर शूटिंगच्या परवानगीचा अर्ज हलणार नाही असं ठाण्यात स्पष्ट सांगितलं गेलं. या थांब्याचा फायदा झाला, कारण ११ नोव्हेंबरला पुन्हा गेटवर उभं राहिलो तेव्हा डबा दिसला.

दोघे एका गाडीवर येतात, त्यातल्या मागच्याच्या मांडीवर दोघांच्या डब्यांची पिशवी असते. गेटवर उतरताना एकाच्या पिशवीतून आमटी गळत होती, आणि पुढच्याच्या शर्टाला पाठीवर पिवळा डाग पडला होता. पुढचा चिडून म्हणाला, “कडी लावत जा ना रे नीट!” त्याच्या स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा तेव्हा मोकळा होता.

स्टीलच्या डब्याचं झाकण नुसतं ठेवलं तरी बसल्यासारखं दिसतं. खड्ड्यात गाडी आदळली की ते उचकटतं. बाजूची कडी दाबून लावली तरच डबा लागला. ही गोष्ट इथल्या प्रत्येक माणसाला, त्याच्या बायकोला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला माहीत आहे, आणि कुणी शिकवायची गरज नाही. हेल्मेट म्हणजे झाकण, पट्टा म्हणजे कडी. तिसरी पटकथा दोन दिवसांत लिहून झाली. पूर्ण पटकथेत बोललेले शब्द पन्नासच्या आत आहेत. ७५ सेकंदांत मराठी शंभर-सव्वाशे शब्द सहज बसतात, पण मग हातांकडे बघायला वेळ उरत नाही. मधला भाग असा आहे:

दृश्य २. कॉलनीचा कोपरा, सकाळ. मोटरसायकल स्टँडवर, इंजिन बंद. दिलीप हेल्मेट घालून उभा. पट्टा मोकळा आहे, पण कॅमेरा त्यावर थांबत नाही. सुनील येतो, कोपरात हेल्मेट, हातात डब्याची पिशवी.
दिलीप : थांब. आधी डबा दाखव.
सुनील : अरे, लावलाय.
दिलीप : कालपण लावलाच होतास.
(पाठ वळवतो. शर्टावर हळदीचा डाग.)

दृश्य ३. अगदी जवळून डबा. झाकण बसलेलं. एक कडी लागलेली, दुसरी मोकळी.
दिलीप : झाकण नुसतं ठेवून भागत नाही. कडी लाव.
(सुनीलचा अंगठा कडी दाबतो. टक.)

दृश्य ४. सुनील हेल्मेट घालतो, पट्टा लावतो. टक. मागे बसायला पाय उचलतो आणि थांबतो. दिलीपच्या हनुवटीकडे बघतो.
सुनील : आणि तुझी?

दृश्य ५. जवळून दिलीपची हनुवटी. हात वर येतो, पट्टा चाचपतो. तीन सेकंद शांतता. टक.

शेवटी दोघे निघतात आणि पडद्यावर दोनच शब्द येतात: ‘कडी लावली?’

पट्टा दृश्य २ मध्येच दिसतो पण त्यावर थांबायचं नाही, ही सूचना आम्ही पटकथेत जाड अक्षरांत घातली. तिथे थांबलं असतं तर पाहणाऱ्याला पाचव्या सेकंदाला कळलं असतं की आता उपदेश येणार. तो डब्याच्या गोष्टीत रमायला हवा, दिलीपची बाजू घेऊन सुनीलवर चिडायला हवा. मग ‘आणि तुझी?’ हा प्रश्न दिलीपबरोबर त्यालाही विचारला जातो. १९ नोव्हेंबरला हा मसुदा त्याच पद्धतीने कॅन्टीनमध्ये ऐकवला. मित्राला काय सांगाल या प्रश्नावर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं, “डब्याचं बोलत होता आणि स्वतःचीच कडी लावली नव्हती.” एवढं पुरे होतं.

पण त्या मसुद्यात आमची एक मोठी चूक होती. सगळं लक्ष पट्ट्यावर असल्याने सुनीलच्या डोक्यावर हेल्मेटच लिहिलं नव्हतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, कायद्यात ते आधीपासून आहे, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कडक कारवाई करण्याच्या सूचना दिल्या. सुरक्षा अधिकाऱ्यांनी बातमीचं कात्रण पटकथेला टाचून परत पाठवलं. नुसतं सुनीलच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून भागणार नव्हतं, कारण पाहणारा लगेच विचारतो, दुसरं हेल्मेट आणायचं कुणी? गाडीवाला दोन हेल्मेट घेऊन घरून निघत नाही, आणि निघाला तरी ते दुसऱ्याच्या मापाचं नसतं. म्हणून सुनील स्वतःचं हेल्मेट कोपरात घालून कोपऱ्यावर वाट बघतो, जसा तो स्वतःचा डबा स्वतः आणतो. वर दिलेल्या दृश्यात तो ज्या हेल्मेटसह येतो, ते हेल्मेट या दुरुस्तीत आलं. पट्टा लावायची पहिली टकही त्यामुळेच मिळाली, आणि दृश्य आधीपेक्षा बांधेसूद झालं.

मंजुरीचा प्रवास इथून सुरू झाला. पटकथा सुरक्षा विभागाकडून मनुष्यबळ विभागाकडे, तिथून मुख्य कार्यालयाकडे गेली आणि १२ डिसेंबरपर्यंत तिथेच राहिली. परत आली ती दोन सूचना घेऊन: शेवटी दंडाची रक्कम दाखवा, आणि अपघातांची आकडेवारी एका पाटीवर द्या. पत्राने वाद घालण्यापेक्षा आम्ही दोन्ही शेवट फोटोंवर करून पाठवले, एक पाटीसह आणि एक नुसता ‘कडी लावली?’सह. पाटीच्या शेवटात दंडाचा आकडा आल्याबरोबर गोष्ट दिलीप-सुनीलची न राहता पोलिसांची होते, हे पाहून त्यांनाही पटलं. कायद्याची माहिती गेटजवळच्या भित्तिपत्रकावर घ्यायची, फिल्ममध्ये नाही, असं ठरलं. लेखी मंजुरी १६ डिसेंबरला मिळाली. तोंडी होकारावर शूटिंगची तारीख धरू नये. आम्ही एकदा धरली आणि कॅमेऱ्याची आगाऊ रक्कम जवळजवळ गेलीच होती.

शूटिंगमध्ये सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न कायद्याचा होता. मोकळ्या पट्ट्याने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं हा गुन्हा आहे, फिल्मसाठीसुद्धा. म्हणून मोकळा पट्टा जिथे जिथे दिसतो, तिथे गाडी स्टँडवर आणि इंजिन बंद, असं पटकथेतच लिहिलं. गाडी हलते ते एकच दृश्य, आणि तेव्हा दोन्ही पट्टे लागलेले आहेत. कोपऱ्याची दृश्यं एका गृहनिर्माण सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर घेतली. तिथे सोसायटीचं पत्र आणि ३,००० रुपये देणगी एवढ्यावर काम झालं. बाहेरच्या रस्त्यावरच्या त्या एका दृश्यासाठी वाहतूक शाखेकडे अर्ज, गाडीची कागदपत्रं, चालवणाऱ्याचा परवाना आणि पटकथेची प्रत द्यावी लागली. परवानगी आठ दिवसांत मिळाली. पटकथा जोडल्याने प्रश्न कमी विचारले गेले असं वाटतं.

२८ डिसेंबरला सकाळी सातला सुरुवात केली. नाशिकची थंडी त्या दिवशी आमच्या विरोधात गेली. हेल्मेट घातलं की श्वासाने काच धुरकट व्हायची आणि चेहरा दिसेनासा व्हायचा. काच वर केली तर चेहरा दिसतो, पण गाडी चालवताना उघडी काच दाखवणं बरोबर नाही. शेवटी गाडी उभी असताना काच वर आणि निघताना सुनीलने ती खाली ओढायची, असं ठरवलं आणि ती कृतीही फिल्ममध्ये राहू दिली. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमधून बोललेले शब्द घुमतात, त्यामुळे हेल्मेट घातल्यानंतरचे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा म्हणून घेतले. ते आधीच गृहीत धरून वेळ राखून ठेवला होता.

डागाने मात्र हैराण केलं. खऱ्या आमटीचा डाग दोन तासांत वाळून तपकिरी होतो आणि प्रत्येक वेळी वेगळा दिसतो. शेवटी हळद, तेल आणि थोडं डाळीचं पाणी कालवून ब्रशने लावलं. डाग ‘कालचा’ दिसायला हवा, म्हणजे धुऊन फिका झालेला. म्हणून आदल्या रात्री पाच शर्टांना लावून, साबणाने एकदा धुऊन वाळवले. साबण लागला की हळद आधी लालसर होते, वाळल्यावर पुन्हा पिवळी पडते, तेव्हा घाबरून जाऊ नये. तीन शर्ट वापरले गेले.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘टक’ने. डब्याची कडी स्टीलची, तिचा आवाज टणक आणि थोडा घुमणारा. हेल्मेटचं लॉक प्लॅस्टिकचं, त्याचा आवाज कोरडा आणि बारीक. जागेवर रेकॉर्ड केलेले दोन्ही आवाज शेजारी ठेवले तर कानाला त्यांचं नातं लागत नव्हतं, आणि सगळी गोष्ट तर त्या नात्यावर होती. मग एका बंद खोलीत खिडक्यांवर गोधड्या टाकून तीन प्रकारचे डबे आणि चार हेल्मेटची लॉक वीस-वीस वेळा वाजवली. लहान पोरांच्या शाळेच्या डब्याची कडी, जी प्लॅस्टिकच्या झाकणावर बसते, तिचा आवाज लॉकच्या अगदी जवळचा निघाला. दिसतो स्टीलचा डबा, ऐकू येते ती प्लॅस्टिकची कडी, आणि कुणाला शंका आली नाही.

पट्टा लावण्याच्या जवळच्या दृश्यात आणखी एक अडचण निघाली, आणि ती शूटिंगपुरती नव्हती. नव्या हेल्मेटचा पट्टा पूर्ण लांबीचा सोडलेला असतो. लॉक लावलं तरी तो हनुवटीखाली चार बोटं लोंबतो. बहुतेक लोक तो कधी आवळतच नाहीत, आणि मग ‘लावला काय, न लावला काय’ असं त्यांना वाटतं. पट्टा एका प्लॅस्टिकच्या चौकटीतून उलटा वळवून आलेला असतो. त्याचं मोकळं टोक ओढलं की तो आखूड होतो. लॉक लावल्यावर हनुवटी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जेमतेम जावीत. मग दोन्ही हातांनी हेल्मेट मागच्या बाजूने धरून पुढे ढकलायचं. ते कपाळावरून खाली सरकून निघू लागलं तर पट्टा सैल आहे किंवा हेल्मेट मोठं आहे. हे एकदाच करावं लागतं, रोज नाही. आवळण्याचे हे चार सेकंद आम्ही आयत्या वेळी शूट केले आणि गेटच्या फिल्ममध्ये न घालता एका वेगळ्या २० सेकंदांच्या तुकड्यात ठेवले. मुख्य गोष्टीत शिकवणी घुसवली असती तर ‘आणि तुझी?’ची धार गेली असती.

संपादनाला सहा दिवस लागले. गेटवरचा पडदा मोठा पण मुका आहे, तिथे गाड्यांचा आवाज इतका की आवाजाचा उपयोगच नाही. म्हणून प्रत्येक टकच्या वेळी चित्र एक क्षण स्थिर केलं आणि संवाद मोठ्या अक्षरांत खाली दिले. मोबाइलसाठी उभी आवृत्ती वेगळी कापली, १६ एमबीच्या आत. आडव्या चित्राच्या नुसत्या कडा कापून उभं केलं असतं तर डबा आणि हनुवटी दोन्ही चौकटीबाहेर गेले असते. त्यामुळे ही जवळची दृश्यं शूटिंगच्या दिवशीच उभी धरूनही घेतली होती. दोन आवृत्त्या लागणार हे आधी माहीत असेल तर एवढं जरूर करावं.

एकूण खर्च ८४,००० रुपये झाला. त्यातले २०,००० पटकथेचे, १८,००० कॅमेरा आणि तो चालवणाऱ्याचे, १५,००० संपादनाचे, ८,००० दोन कलाकारांचे. आवाजाचं रेकॉर्डिंग आणि स्टुडिओ मिळून ८,०००, तीन हेल्मेटना ३,९००, सोसायटीचे ३,०००, आणि बाकी शर्ट, डबे, जेवण, पेट्रोल. हेल्मेटवरचं कंपनीचं नाव काळ्या टेपने झाकलं, पण मागचं आयएसआय चिन्ह झाकलं नाही. त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो BIS Care या अॅपमध्ये टाकून तिन्ही हेल्मेट आधी तपासली. सुरक्षेच्या फिल्ममध्ये खोट्या चिन्हाचं हेल्मेट दिसलं तर ती फिल्म दाखवायच्या लायकीची राहत नाही. बिलाचे पैसे टीडीएस कापून १७ मार्चला आले, म्हणजे फिल्म दिल्यानंतर जवळपास सव्वादोन महिन्यांनी. तेवढी तजवीज हाताशी असावी.

६ जानेवारीपासून फिल्म गेटवर दाखवायला सुरुवात झाली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा टपरीजवळ उभे राहिलो. पट्टे लावणारे दिसत होते. पण काहीजण लॉक दाबत होते, ते लागत नव्हतं, पुन्हा दाबत होते आणि सोडून देत होते. चौकशी केली तर लॉकच्या आतले दात झिजलेले, किंवा धूळ आणि तेलाने तोंड बुजलेलं. एकाने पट्ट्याला सरळ गाठ मारली होती. महिनोन् महिने न वापरलेलं लॉक वापरायला गेलं की हे होणारच, आणि आमच्या फिल्ममध्ये तर सगळी लॉक पहिल्या दाबाला टक करत होती. धूळ बसली असेल तर जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने तोंड साफ होतं. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. दात झिजलेले असतील, म्हणजे लावल्यावर पट्टा जोरात ओढला की लॉक सुटत असेल, तर दुरुस्ती नाही, हेल्मेटच बदलायचं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी १८ जानेवारीला गेटच्या आतल्या बाजूला एक टेबल मांडलं, त्यावर साबणाचं पाणी, चार ब्रश आणि पुसायला फडकी. पहिल्या दिवशी सुटीच्या वेळी तिथे रांग होती, आणि रांगेतले लोक एकमेकांच्या हनुवटीखालचे पट्टे ओढून बघत होते.